मदत हवी आहे: पीओवर 'नेट ३० ईओएम' असेल तर पैसे नक्की कधी यायला हवेत?

हिंगणा_फॅब: हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. बुटीबोरीच्या एका कंपनीला ब्रॅकेट पाठवले. बिल २९ जुलैचं, गाडी ३० जुलैला गेटवर लागली, चलनावर सिक्युरिटीचा शिक्काही त्याच दिवसाचा. टॅलीत ३० दिवसांचं क्रेडिट टाकलं, तर ड्यू डेट २८ ऑगस्ट येते. त्यांचे अकाउंट्सवाले म्हणतात ३० सप्टेंबर. महिन्याभराहून जास्त फरक कसा? स्टीलवाला तर माझ्यासाठी थांबत नाही.

गणित_सोपं: २८ ऑगस्टच बरोबर. नेट ३० म्हणजे बिलापासून ३० दिवस. बाकी सगळे बहाणे.

जुना_एपी: नुसतं नेट ३० असतं तर हो. ईओएम लागलं की आधी बिलाचा महिना संपू द्यायचा, मग ३० दिवस मोजायचे. जुलैचं बिल, ३१ जुलैपासून मोजणी, म्हणजे ३० ऑगस्ट. टॅलीला हे आपोआप कळत नाही. बिलवाइज डिटेल्समध्ये दिवसांऐवजी तारीखच टाका.
पण ३० सप्टेंबर यायला त्यांनी तुमचं बिल ऑगस्टचं धरलेलं असावं. स्टोअरने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, कधी काढला ते विचारा.

हिंगणा_फॅब: विचारलं. जीआरएन ३ ऑगस्टचा! शनिवार-रविवार मध्ये आला म्हणे.

जुना_एपी: झालं तर. त्यांची सिस्टिम जीआरएनपासून मोजते. पीओच्या मागच्या अटी वाचा, तिथे तसं लिहिलं असेल तर भांडायला जागा कमी. महिनाअखेरचा माल मी तरी २५ च्या आत गेटवर पोचवायला सांगायचो.

इतवारी_ट्रेडर: उद्यम नोंदणी दाखवून लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा सांगा ना भाऊ. मी सांगितला तर पार्टी हसली, ते सोडा.

जुना_एपी: तुमचं ट्रेडिंग आहे, उद्यम असलं तरी ती तरतूद तुम्हाला लागत नाही. यांचं उत्पादन आहे. सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदणी आधीपासून असेल तर करारात काहीही लिहा, ४५ दिवसांपुढे जाता येत नाही. आणि मोजणी माल प्रत्यक्ष पोचल्यापासून, जीआरएनपासून नाही. १५ दिवसांत लेखी हरकत आली नसेल तर ३० जुलैपासून ४५ दिवस म्हणजे १३ सप्टेंबर. त्यापुढे बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तो शिक्क्याचा चलन जपून ठेवा.

गणित_सोपं: शिवाय त्यांना आयकरात खर्च मिळणार नाही!

जुना_एपी: त्याच आर्थिक वर्षात दिले तर मिळतो. ती धमकी मार्चच्या तोंडावर चालते, सप्टेंबरात नाही.

हिंगणा_फॅब: उद्यम आहे, लघु. पीओवर मोजणी कुठून ते लिहिलेलंच नाही. १३ तारखेचं मेल टाकतो, पण व्याजाचं लिहू की नको? पुढची ऑर्डर त्यांच्याच हातात आहे.

इतवारी_ट्रेडर: मी तर नसतं लिहिलं.

जुना_एपी: पहिल्या मेलात तारीख आणि चलनाचा फोटो एवढंच. व्याजाचं १४ तारखेनंतर तुम्ही ठरवा.