‘सरळ फिन’ आणि ‘निमुळती फिन’ हे विरुद्धार्थी शब्द आहेत का?

अनुवादिका: एका तांत्रिक पुस्तकाचा अनुवाद करते आहे. ‘स्ट्रेट फिन’ला ‘सरळ फिन’ आणि ‘टेपर्ड’ला ‘निमुळती’ असं घेऊन हे वाक्य केलं: ‘सरळ फिनपेक्षा निमुळती किंवा त्रिकोणी छेदाची फिन तेवढीच उष्णता कमी धातूत बाहेर टाकते.’ शब्द जुळतात का? आणि कमी धातूत तेवढीच उष्णता का जाते, हे मला नीट कळलं नाही, तेही सांगाल का?

शब्दवेडा: फिनला मराठीत ‘पर’ म्हणतात ना, माशाचा असतो तो? ‘निमुळता पर’ किती छान वाटतं.

अनुवादिका: माशाची नाही हो. यंत्राची उष्णता हवेत सोडायला धातूच्या पात्या काढतात, त्या.

थर्मलवाला: ‘सरळ’ हा शब्द इथे फसवतो. सपाट भिंतीतून उभी निघते ती सरळ फिन, नळीभोवती चकतीसारखी असते ती वलयाकार. म्हणजे त्रिकोणी फिनसुद्धा सरळच असते! तुम्हाला जिच्याशी तुलना करायची आहे ती ‘एकसारख्या जाडीची’ किंवा ‘आयताकृती’ फिन.

‘त्रिकोणी छेद’ तर आणखी घातक. उष्णता ज्या दिशेने वाहते तिला आडवं कापलंत तर त्रिकोणी फिनचाही छेद आयतच दिसतो. त्रिकोण दिसतो तो बाजूने पाहिल्यावर. वाचणारा त्रिकोणी कांडी समजून बसेल.

हौशी: कारण सोपं आहे. त्रिकोणी फिनला हवेचा पृष्ठभाग जास्त मिळतो. आणि त्रिकोण आयताच्या निम्मा, म्हणजे धातू निम्मा वाचतो.

थर्मलवाला: निम्मं बरोबर आहे. तेवढीच लांबी आणि बुंध्याशी तेवढीच जाडी ठेवली तर धातू निम्मा होतो खरा, पण उष्णताही थोडी कमी जाते. खालच्या उदाहरणात ती साधारण १० टक्क्यांनी घटते. म्हणून तुलना समान उष्णतेवर करायची.

कारण पृष्ठभागात नाही. शेताला पाणी देत जाणारा पाट आठवा. वाटेत पाणी फुटत जातं, त्यामुळे शेवटाला पाट रुंद ठेवण्यात अर्थ नसतो. फिनमधली उष्णता तशीच दोन्ही बाजूंनी हवेत गळत जाते. बुंध्याशी सगळी उष्णता धातूतून वाहते, शेंड्याशी वाहायला जवळजवळ काही उरत नाही. एकसारख्या जाडीच्या फिनमध्ये शेंड्याकडचा धातू रिकामा बसतो. तो काढून थोडासा बुंध्याला दिला की झालं.

आकडे घ्या. ॲल्युमिनियम, त्याची उष्णतावाहकता k = 200 W/mK, पृष्ठभागातून हवेत उष्णता जाण्याचा गुणांक h = 40 W/m²K, बुंधा हवेपेक्षा 60 अंश गरम, फिनच्या दर मीटर रुंदीला 240 वॅट हवेत. सगळ्यात कमी धातूची आयताकृती फिन येते 1.26 मिमी जाड, 80 मिमी लांब. त्रिकोणी येते बुंध्याशी 1.65 मिमी, लांबी 84 मिमी. वजन दर मीटरला सुमारे 272 ग्रॅमवरून 188 ग्रॅमवर येतं, म्हणजे 31 टक्के बचत. कडा आत वळवून परवलय केलं तर आणखी फक्त 8 ग्रॅम वाचतात. त्यापायी मी तरी वळणदार कडा करणार नाही.

ओतशाळेतला: आमच्या डायकास्ट फिन बुंध्याशी 3, शेंड्याशी 1.5 मिमी, उंची 30. पण तो उतार साच्यातून माल सुटावा म्हणून असतो. यातही 31 टक्के वाचतात म्हणायचं का?

थर्मलवाला: नाही. तुमची फिन आखूड आणि जाड आहे. बुंधा 60 अंश वर असेल तर शेंडाही साधारण 54 अंश वर राहील. वरच्या आयताकृती फिनचा शेंडा 27 वर असतो, त्रिकोणीचा 17 वर. शेंड्याला थर्मोकपल लावून पाहा. तो बुंध्याएवढाच गरम निघाला, तर पूर्ण फिन गरजेपेक्षा जाड आहे. मग आकार बदलण्याआधी जाडी कमी करा. उतार सोडता येत नसेल तर गोष्ट वेगळी.

पातळ पत्र्याच्या फिनला तर आकाराचा उपयोगच नाही. पत्राच इतका बारीक असतो की शेंडा आणखी निमुळता करणार कसा?

अनुवादिका: मग ओतशाळेतल्यांच्या फिनला ‘निमुळती’ म्हणू, आणि शेंडा शून्याला टेकला तरच ‘त्रिकोणी’. ‘सरळ’ मी खोडते. ‘प्रोफाइल’ला मात्र शब्द हवा. ‘बाजूचा आकार’ चालेल?

शब्दवेडा: ‘कडेची रेषा’ घ्या. आकार म्हटलं की पुन्हा आडवा छेदच डोळ्यांसमोर येतो.

ओतशाळेतला: कारखान्यात प्रोफाइलच म्हणतात. ड्रॉइंगवर ‘कडेची रेषा’ लिहिलंत तर कारागीर विचारेल, कुठली कड?