कथेतला मुद्रक तीन हजार प्रती फळ्यांखाली लपवतो: पटतं का?

मृण्मयी: एक लघुकथा लिहिली आहे. काळ १५२५, शहर कोलोन. भाषांतरकार विल्यम टिंडलचा इंग्रजी नवा करार एक मुद्रक गुपचूप छापतोय. एका रात्री आर्चबिशपचे शिपाई दार ठोठावतात. मुद्रक आणि त्याची बायको घाईघाईने जमिनीच्या फळ्या उचकटतात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तीन हजार प्रतींची पानं खाली सरकवतात आणि वर पलंग ओढतात. शिपाई रिकाम्या हाताने परत जातात. दोन वाचकांची मतं अगदी उलट आली. एक म्हणे प्रसंग जिवंत आहे, दुसरा म्हणे असं घडूच शकत नाही. तुम्हाला काय वाटतं?

टिपणीस: दुसऱ्या वाचकाच्या बाजूने मत. आधी नुसता हिशेब करा. या प्रकरणाची माहिती ज्याच्याकडून आपल्याला मिळते तो टिंडलचा कट्टर विरोधक, योहान कॉक्लेउस. तो सांगतो की तीन हजार प्रती काढायच्या होत्या आणि छपाई 'के' अक्षराच्या फर्म्यापर्यंत पोचली होती. छापून घडी घालायचा एक ताव म्हणजे एक फर्मा, आणि फर्म्यांना क्रमाने एकेक अक्षर देत. लॅटिन वर्णमालेत तेव्हा 'आय' आणि 'जे' वेगळे धरत नसत, म्हणजे 'ए' ते 'के' हे दहा फर्मे. कागदाच्या एका तावावर दोन्ही बाजू मिळून आठ पृष्ठं, म्हणजे घडी घातल्यावर चार पानं. दहा ताव गुणिले तीन हजार म्हणजे तीस हजार ताव, पाचशेचा रीम धरला तर साठ रीम. हातकागदाचा त्या मापाचा ताव अंदाजे बारा ग्रॅमचा धरा. साडेतीनशे किलोच्या वर जातं. एकावर एक रचले तर चार-साडेचार मीटर उंची. हे दोघं जण पलंगाखाली काही मिनिटांत सरकवतात?

रेवा: टिपणीस, कथा म्हणजे गोदामाची नोंदवही नव्हे. वाचकाला भीती जाणवली पाहिजे. फळीखालची पानं ही त्या भीतीची जागा आहे. तीन हजारांऐवजी 'काही गठ्ठे' लिहिलं की तुमचा आक्षेप संपला.

टिपणीस: संपला नाही. गठ्ठ्यांचा आकडा बदलला तरी ओल तशीच राहते. छपाईआधी कागद ओला करून रात्रभर दाबाखाली ठेवत, कारण कोरड्या हातकागदावर धातूच्या अक्षरांचा, म्हणजे खिळ्यांचा, ठसा नीट उमटत नाही. छापून झालेला ताव दमटच असतो. तो लाकडी दांड्याने उचलून छताजवळच्या दोरीवर टाकत आणि वाळायला एक-दोन दिवस देत. मृण्मयीताई, तुमच्या मुद्रकाच्या घरात पुरावा फळीखाली नाही, डोक्यावर आहे! दार उघडताच शिपायाला माळ्यावर रांगेत टांगलेले शेकडो ताव दिसणार. ते सगळे खाली उतरवायलाच अर्धा तास लागेल.

अवधूत: आणि ओले ताव गठ्ठा करून खाली कोंबले तर शाई पसरून सगळं वाचण्यापलीकडे जाईल. दौतीची शाई पाण्यात पसरते तशी.

टिपणीस: अवधूत, परिणाम जवळपास बरोबर, कारण चूक. छपाईची शाई पाण्याची नव्हे, तेलाची. जवसाचं तेल उकळून दाट करत आणि त्यात काजळी घोटत. पाण्याने ती पसरत नाही. पण वाळलेली नसताना वर दाब आला की एका तावाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते आणि उलटी अक्षरं उमटतात. वाचता येतं, पण विकायला तो माल खराब. दमट गठ्ठ्याला ऱ्हाईनकाठच्या घरात बुरशी लागते ती वेगळीच. म्हणून माझा सल्ला असा की शिपायाला कागद दिसण्याआधी वास येऊ द्या. उकळलेल्या तेलाचा वास.

साळगांवकार: एक शंका. आमच्या गोव्यातही हेच झालं ना? इन्क्विझिशनच्या धाकाने मराठी धर्मग्रंथ लपवावे लागले. क्रिस्तपुराणाची छापील प्रत आज मिळत नाही त्याचं कारण हेच असणार. कथा गोव्यात का नाही नेत?

टिपणीस: कथेचा प्रश्न तो नाही, पण थोडक्यात. गोव्यात १५५६ ला आलेला छापखाना जेझुइटांचा होता आणि स्टीफन्सचं क्रिस्तपुराणही १६१६ मध्ये चर्चच्याच संमतीने, रोमन लिपीत छापलं गेलं. ज्याच्या हातात यंत्र, तोच परवानगी देणारा. लपवण्याची कथा तिथे बसत नाही. छापील प्रती का उरल्या नाहीत हा निराळा विषय, त्याचा धागा वेगळा काढा.

साळगांवकार: काढतो. पण 'संमतीने छापलं' म्हणजे पुढे कुणाला जपून ठेवता आलं असं होत नाही.

रेवा: साळगांवकारांचा हा मुद्दा खरा आहे. असो. टिपणीस, तुम्ही मुद्रकाला नुसता हिशेबनीस करून टाकलात. याच काळात मुद्रकांनी जीव दिलेत. अँटवर्पचा याकोब व्हान लिस्व्हेल्ट, ज्याने १५२६ मध्ये पहिलं संपूर्ण डच बायबल छापलं, त्याचं १५४५ मध्ये डोकं उडवलं. मग मृण्मयीचा मुद्रक घाबरलेला आणि तरीही धीट असेल तर अशक्य काय?

टिपणीस: अँटवर्पमध्ये काहीच अशक्य नाही. कथा तिकडे न्या, मी गप्प बसतो. पण कोलोन म्हटलं की गोष्ट पेटर क्वेन्टेलच्या छापखान्याची आणि तो धंदेवाला माणूस. त्याच छापखान्यात, त्याच सुमारास आणखी एक गिऱ्हाईक होतं: कॉक्लेउस स्वतः! बाराव्या शतकातल्या डॉइट्सच्या रूपेर्टचे ग्रंथ तो तिथे छापून घेत होता. ज्याच्यापासून लपवायचं तो मुद्रितं तपासायला रोज दारात. यापुढे मध्यरात्री दार ठोठावणारे शिपाई मला तरी फिके वाटतात.

मृण्मयी: हे मला माहीत नव्हतं. मग त्याला कळलं कसं? पानं बघून?

टिपणीस: पानं बघून नाही. कामगारांच्या तोंडून त्याने ऐकलं की राजाला आणि कार्डिनलला आवडो न आवडो, सगळं इंग्लंड लवकरच धर्मसुधारक ल्यूथरचं होणार. मग काहींना आपल्या बिऱ्हाडी बोलावून त्याने दारू पाजली. एकाची जीभ सैल झाली आणि प्रतींचा आकडा, पैसे इंग्रज व्यापाऱ्यांचे, माल चोरून नेण्याचा बेत, सगळं बाहेर आलं. त्याने ते हेर्मान रिंकला सांगितलं. रिंक शहरातलं वजनदार प्रस्थ, इंग्लंडच्या राजाच्याही ओळखीचा. त्याने चौकशी केली आणि नगरपरिषदेकडून छपाई थांबवण्याचा हुकूम मिळवला.

म्हणजे आर्चबिशपचे शिपाईही चूक. कोलोन हे स्वतंत्र शाही शहर. आर्चबिशपची सत्ता शहराने १२८८ च्या लढाईनंतर झुगारलेली आणि तो राहायचा शहराबाहेर. हुकूम बजावायला येणार ती परिषदेची माणसं.

अवधूत: पण मुळात लोकभाषेत बायबल छापणं हाच गुन्हा होता ना? मग परिषदेलाही कारण पुरे.

टिपणीस: इंग्लंडात हो. बिशपच्या परवानगीशिवाय इंग्रजी भाषांतर करायचं नाही, हा तिथला नियम पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. कोलोनमध्ये मात्र १४७८ च्या सुमारास जर्मन बोलीतलं सचित्र बायबल उघडपणे छापलं गेलं होतं आणि त्याचा संबंध याच क्वेन्टेल घराण्याशी जोडला जातो. खुपलं ते दुसरंच: टिंडलच्या समासातल्या टिपा आणि प्रस्तावना, ज्यात ल्यूथर ओळीओळीला डोकावतो. मृण्मयीताईंच्या कथेत अधिकारी 'लोकभाषा!' म्हणून किंचाळतो, तिथे त्याचं बोट समासावर पडलं पाहिजे.

रेवा: हे मान्य. पण मग तुमच्या कथेत कुणी काही लपवतच नाही. गिऱ्हाईकाला कळलं, हुकूम आला, काम बंद. यात कथा कुठे उरली?

टिपणीस: पळण्यात. टिंडल आणि त्याचा मदतनीस विल्यम रॉय यांनी हुकूम बजावला जायच्या आत छापलेले ताव उचलले आणि नावेने वर्म्सला गेले. जवळजवळ अडीचशे किलोमीटर, तेही प्रवाहाविरुद्ध, म्हणजे काठावरून घोड्यांनी नाव ओढायची. न बांधलेली पुस्तकं तेव्हा पिंपांत नाहीतर कापडाच्या गासड्यांत भरून नेत. कोरे, छापलेले, वाळलेले, न वाळलेले, सगळे ताव एकत्र भरताना फर्म्यांचा क्रम बिघडला तर पुढे जुळवताना काय हाल होतात ते कुठल्याही बाइंडरला विचारा. मुद्रक मात्र मागेच राहिला. त्याला शहरात धंदा करायचा होता.

मृण्मयी: म्हणजे मुद्रकाच्या हातात लपवण्यासारखं काहीच उरत नाही?

टिपणीस: उरतं. खिळे नाहीत, कारण एक फर्मा छापून झाला की खिळे सोडवून परत खणांत टाकतात. दहा फर्मे जुळवून ठेवण्याइतका धातू कुणाकडे नसे. परिषदेची माणसं आली तेव्हा यंत्रावर फार तर एखादा फर्मा असेल. दोर सोडला, एक धक्का दिला की अक्षरांचा ढीग. पण लाकडी ठसा तसा मोडत नाही. मत्तयाच्या सुरुवातीला एक चित्र आहे: मत्तय लिहितोय आणि देवदूत त्याच्यापुढे दौत धरून उभा आहे. तोच ठसा क्वेन्टेलने १५२६ मध्ये रूपेर्टच्या मत्तयावरच्या भाष्यात वापरला, कडा कापून लहान केलेला. इंग्रजी पानांवर तो अख्खा आहे. म्हणजे इंग्रजी पानं आधीची आणि ठसा क्वेन्टेलचा, हे त्यावरून सिद्ध झालं. पानांवर मुद्रकाचं नाव नसूनही.

रेवा: थांबा. म्हणजे कॉक्लेउसने स्वतःच्याच पुस्तकात तो पुरावा छापून घेतला?

टिपणीस: हो. त्याच्या लक्षात आलं की नाही, ते कथाकाराने ठरवावं.

अवधूत: मग मुद्रकाने तो ठसा जाळायला हवा होता. कापून वापरणं म्हणजे मूर्खपणा.

टिपणीस: कोरलेल्या ठशाला पैसे पडतात. जाळणारा मुद्रक कथेत शोभेल, क्वेन्टेलने करवत चालवली. पुरावा लपवायला कापला असंही म्हणता येत नाही, नव्या पुस्तकाच्या जागेत बसवायला कापला असणार.

रेवा: 'असणार'! बघा, इथे तुम्हीही कथाच सांगताय. मी म्हणेन त्याने दोन्हीसाठी कापला. आणि आणखी एक. कोलोनच्या त्या छपाईतली एकतीस पानी एकच प्रत उरली, ना? ब्रिटिश लायब्ररीत आहे ती. कुणीतरी ती लपवली असल्याशिवाय टिकेल का?

टिपणीस: आठ फर्म्यांची बत्तीस पानं, त्यातलं पहिलं गळालेलं. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात मजकूर मध्येच तुटतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याला ती दुसऱ्याच एका पुस्तिकेच्या मागे बांधलेली मिळाली. तेव्हा लहान पुस्तिका एकत्र बांधायची रीतच होती. त्यावरून लपवाछपवी सिद्ध होत नाही.

रेवा: असिद्धही होत नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या मागे पानं बांधून टाकणं, याहून चांगली फळी कुठली? मृण्मयी, माझं ऐक. तीन हजार प्रती नावेने जाऊ देत, मुद्रकाने एकच संच ठेवावा. दहा ताव, सव्वाशे ग्रॅम.

टिपणीस: वजन बरोबर आहे. पण त्याने तो का ठेवावा? त्याला इंग्रजी येत होतं असं कुठे दिसत नाही.

मृण्मयी: वाचण्यासाठी नाही. पैसे अर्धेच मिळाले असतील तर हिशेबासाठी नमुना म्हणून? शेवटी तो पान वाचत बसतो ते मी काढते, पानं मोजत बसतो असं करते. ठसा करवतीखाली आणि कॉक्लेउस दारात रूपेर्टची मुद्रितं मागायला.

टिपणीस: हे चालेल. फक्त दोरीवरचे ताव विसरू नका.

रेवा: मला अजूनही तो वाचत बसलेलाच हवा होता.