मदत हवी आहे: रिलोकेशनचे पैसे परत करण्याच्या अटीवर सही करावी का?

नमस्कार. परदेशातल्या एका कंपनीची ऑफर आली आहे. व्हिसा तेच स्पॉन्सर करणार आणि रिलोकेशनसाठी १२,००० युरो देणार. पगार ठीक आहे. अडलंय ते करारातल्या एका कलमावर: २४ महिन्यांच्या आत नोकरी 'कोणत्याही कारणाने' संपली, तर पूर्ण रक्कम परत करायची.

म्हणजे कंपनीनेच कपात केली तरी? व्हिसा याच नोकरीला बांधलेला, त्यामुळे नवा स्पॉन्सर शोधायची धावपळ आणि वर हे पैसे. मला हे फार जाचक वाटतं. शिवाय रक्कम दरमहा कमी होत नाही. तशी झाली असती, तर १८ महिन्यांनी सोडल्यास ३,००० द्यावे लागले असते. आता पूर्ण १२,०००. त्यातून कर कापून हातात ८,००० च आले, तरी परतफेड १२,००० चीच का, हेही स्पष्ट नाही.

अट फक्त मी स्वतः राजीनामा दिला तरच लागू व्हावी आणि रक्कम दरमहा घटत जावी, असं एचआरला लिहितोय. असे बदल कुणी करून घेतलेत का? व्हिसाची फीसुद्धा अशीच वसूल करतात का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.