मदत हवी आहे: ५ फेऱ्यांचा बहुमताचा निकाल फाइलींचा क्रम बदलला की बदलतो

रिकामा_रकाना

२०० प्रश्न आहेत. प्रत्येकाची दोन उत्तरं, एक जुन्या प्रॉम्प्टचं आणि एक नव्याचं. कोणतं सरस ते एक परीक्षक मॉडेल सांगतं आणि त्याचा कौल तीनपैकी एक असतो: juna, nava किंवा saman. प्रत्येक प्रश्नासाठी ५ फेऱ्या घेतो. पहिल्या ३ फेऱ्यांत जुनं उत्तर आधी दाखवतो, शेवटच्या २ फेऱ्यांत नवं आधी. कौल वाचता आला नाही तर ते मत सोडून देतो. बहुमत असं काढतो:

```python
Counter(votes).most_common(1)[0][0]
```

फेऱ्या १ ते ५ अशा वाचल्या तर नवं १०१ प्रश्नांत जिंकतं. त्याच फाइली ५ ते १ अशा वाचल्या तर ११४. मतं तीच, बेरीज तीच, मग हे १३ प्रश्न कुठून आले? विषम फेऱ्या घेतल्या म्हणजे बरोबरी होणारच नाही असं धरून चाललो होतो.

तिरपा_कोन

५ ऐवजी ७ किंवा ९ फेऱ्या घ्या. साधं गणित आहे. परीक्षक एका मतात ७०% वेळा बरोबर असेल तर ३ मतांचं बहुमत ७८.४% वेळा बरोबर येतं आणि ५ मतांचं ८३.७% वेळा. मतं वाढवाल तसा निकाल स्थिर होत जाईल.

अनुस्वार

तिरपा_कोन, आकडे बरोबर आहेत, पण प्रत्येक मताची चूक स्वतंत्र असेल तरच ते लागू होतात. इथे एकच मॉडेल पाच वेळा विचारलं जातंय. त्याला लांबलचक उत्तर आवडत असेल तर ते पाचही वेळा आवडणार. अशी चूक बहुमताने धुतली जात नाही, उलट पक्की होते.

आता मूळ प्रश्न. `most_common` समान संख्येच्या नोंदी पहिल्यांदा दिसल्या त्या क्रमाने देतं. म्हणजे बरोबरी झाली की जे मत आधी वाचलं गेलं ते जिंकतं, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही. विषम फेऱ्या असूनही बरोबरी होते, कारण कौल तीन प्रकारचे आहेत: २ जुने, २ नवे, १ समान. शिवाय एक कौल वाचता आला नाही की पाचाचे चार उरतात आणि २-२ होतं.

फरक नव्याच्याच बाजूला का गेला, हेही पाहण्यासारखं आहे. तुमच्या पहिल्या फेऱ्यांत जुनं आधी दाखवलंय. परीक्षकाचा कल आधी दिसलेल्या उत्तराकडे असेल तर पहिलं मत बहुधा जुन्याला पडतं, आणि बरोबरी त्याच्या खात्यात जाते. उलट वाचलं की तीच बरोबरी नव्याच्या खात्यात.

खरी अडचण याच्याही पुढे आहे. काहीही न वाचता कायम पहिल्या उत्तराला कौल देणारा परीक्षक तुमच्या मांडणीत बसवून बघा. ३ मतं जुन्याला, २ नव्याला. जुनं ३-२ ने जिंकलं, आणि कागदावर हे स्वच्छ बहुमत दिसतं! फेऱ्या विषम असल्या की दोन्ही क्रम सारखे वाटता येत नाहीत, म्हणून मी विषमच्या विरोधात आहे. ६ घ्या, ३ या क्रमाने आणि ३ त्या क्रमाने. मग तोच परीक्षक ३-३ देईल, आणि ती बरोबरी खरं बोलते.

उपवडी

आमच्याकडे १ ते १० गुण देणारा परीक्षक आहे. आम्ही मध्यक घेतो, बरोबरीचा प्रश्नच येत नाही. तुम्हीही तसं का करत नाही?

अनुस्वार

उपवडी, तुमची मोजणी वेगळी आहे. तिथे एकाच उत्तराला गुण मिळतात. इथे दोघांत कोण सरस एवढंच विचारलंय. आणि मध्यक घेतला तरी दोन उत्तरांना ७ आणि ७ मिळू शकतातच, तेव्हा पुढे काय करायचं ते ठरवावं लागतंच.

तिरपा_कोन

विषमबद्दलचा मुद्दा पटला, ३-२ चं मला सुचलं नव्हतं. पण मग बरोबरी आली की एक जादा फेरी घ्यावी, नाहीतर सरळ नाणेफेक करावी. निकाल तर लागला पाहिजे.

अनुस्वार

नाणेफेकीने सरासरी झुकत नाही हे खरं, पण निकालात विनाकारण गोंधळ मिसळतो आणि पुन्हा चालवलं की आकडा बदलतो. जादा फेरी तर त्याहून फसवी. ती दाखवताना कुठलं तरी उत्तर आधी ठेवावंच लागेल, म्हणजे तो कल पुन्हा आत आला. बरोबरी हाही निकालच आहे. तो बरोबरी म्हणूनच ठेवा आणि एकूण आकड्यात दोघांना अर्धा-अर्धा गुण द्या. मी असं लिहीन:

```python
def nikal(votes, gap=2):
    ok = [v for v in votes
          if v in ("juna", "nava", "saman")]
    if len(ok) != 6:
        return "apurna"
    d = ok.count("nava") - ok.count("juna")
    if abs(d) < gap:
        return "saman"
    return "nava" if d > 0 else "juna"
```

कौल वाचता आला नाही तर त्याच क्रमाची फेरी पुन्हा घ्या, फार तर दोनदा. तरीही जमलं नाही तर तो प्रश्न apurna. कौल पटला नाही म्हणून मात्र फेरी पुन्हा घ्यायची नाही.

बरोबरी आलेले प्रश्न क्रमानुसार उघडून बघा. जुनं आधी असताना तिन्ही मतं जुन्याला आणि नवं आधी असताना तिन्ही नव्याला, तर परीक्षक जागा बघून कौल देतोय. दोन्ही क्रमांत जुने, नवे, समान अशी मिसळ असेल तर उत्तरं खरोखर तोडीस तोड असावीत. दोन्हीकडे निकाल saman, पण पहिल्या प्रकारात परीक्षकाच्या सूचना सुधारायला हव्यात.

रिकामा_रकाना

६ फेऱ्यांनी पुन्हा चालवलं. नवं ८८, जुनं ७१, बरोबरी ३५, अपूर्ण ६. अर्धे गुण धरून १९४ पैकी १०५.५, म्हणजे ५४.४%. वाचण्याचा क्रम बदलला तरी आकडा हलत नाही. बरोबरीच्या ३५ पैकी २२ प्रश्नांत प्रत्येक क्रमात पहिल्यालाच तिन्ही मतं आहेत. एकूण मतं हजाराच्या वर आहेत, तेव्हा नवं सरस म्हणायला हरकत नाही ना?

अनुस्वार

हरकत आहे. नमुना प्रश्नांचा आहे, मतांचा नाही. एकाच प्रश्नावरची सहा मतं एकमेकांना चिकटलेली असतात. बरोबरी वगळली तर १५९ प्रश्न उरतात. इतक्या नाणेफेकींत निम्मे म्हणजे ७९.५ आणि प्रमाण विचलन सुमारे ६.३. ८८ हे त्यापासून ८.५ वर, जेमतेम १.३५ विचलन. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. अजून फेऱ्या नकोत, अजून प्रश्न हवेत. आणि ३५ पैकी २२ हा आकडा बघता आधी परीक्षकाच्या सूचनांकडे वळा.

उपवडी

तापमान ० ठेवलं तर सहा फेऱ्या लागतील का?

अनुस्वार

नाही. तेव्हा एका क्रमातली तिन्ही मतं बहुतेक एकच येतात. प्रत्येक क्रमाची एकेक फेरी पुरे. दोन्ही जुळली तर निकाल, नाहीतर बरोबरी.

तिरपा_कोन

gap=2 बद्दल एक शंका. जुनं आधी असताना ३-० जुन्याला, नवं आधी असताना २-१ नव्याला. एकूण ४-२, फंक्शन juna म्हणतं. पण दोन क्रमांचं बहुमत तर एकमेकांच्या विरुद्ध आहे. आणि २ जुने, ४ समान असतील तरी juna च. बहुसंख्य मतं समान म्हणत असताना?

अनुस्वार

पहिली शंका रास्त आहे. प्रत्येक क्रमाचं बहुमत वेगळं काढायचं आणि दोन्ही जुळली तरच विजेता ठरवायचा, हा जास्त कडक नियम. त्यात बरोबऱ्या वाढतात, पण हा परीक्षक बघता तोच घ्या. दुसऱ्याबद्दल माझं मत पक्कं नाही. चार वेळा समान आणि विरोधात एकही मत नाही, हा हलका कल मानता येतो आणि बरोबरीही. जे ठरवाल ते आकडे बघण्याआधी लिहून ठेवा.

रिकामा_रकाना

कडक नियम लावतो. २ जुने, ४ समान असे ९ प्रश्न आहेत. ते उघडून स्वतः वाचतो आणि इथे कळवतो.