मदत हवी आहे: दळण बारीक केलं तरी शॉटची वेळ हलत नाही, मग एकदम तुंबतो (बरिस्ता परीक्षा)

मंजिरी_रामबाग
नमस्कार मंडळी. मी इंदूरला एका कॅफेत काम करते. पुढच्या महिन्यात एससीएच्या बरिस्ता स्किल्सची इंटरमीजिएट परीक्षा आहे. लेखीचं बघता येईल, धास्ती प्रॅक्टिकलची आहे. ग्राइंडर मुद्दाम भलत्याच सेटिंगवर ठेवलेला असू शकतो, तो दिलेल्या रेसिपीवर आणून दाखवायचा, असं आमच्या सरांनी सांगितलंय.

रेसिपी साधीच: १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम, २५ ते ३० सेकंद. काल सरावात पहिला शॉट १९ सेकंदांत धो धो आला, आंबट आणि पाणचट. कॉलर दोन खुणा बारीककडे फिरवली, पुढचा शॉट २० सेकंद. फरकच नाही म्हणून आणखी दोन खुणा, तर २३. मग अजून एक खूण, आणि थेट ४४! थेंब थेंब गळतंय, चव जळकी. उलट दोन खुणा फिरवलं तरी ४१. ग्राइंडर बटणवाला आहे, दाबलं की ठरलेले सेकंद दळतो. बिघडलाय का?

दुसरं दुधाचं. एका जगमधून दोन कॅपुचिनो ओतायच्या असतात. माझ्या पहिल्या कपात नुसतं दूध जातं आणि दुसऱ्यात फेसाचा गोळा धपकन पडतो.

नाना_राजवाडा
ग्राइंडर सोड, टॅम्प बघ. हात कमीजास्त पडला की वेळ बदलते. वजनकाट्यावर टॅम्पर दाबून बघायचं, पंधरा किलो जोर आला पाहिजे. आमच्या वेळी असंच शिकवायचे.

मोकाप्रेमी_लष्कर
मंजिरीताई, छान विषय. मी ग्वाल्हेरचा. माझ्या मोका पॉटमध्येही कॉफी कधी फसफसून येते, कधी येतच नाही. एस्प्रेसोचं दळण चालेल का? पाणी गार भरू की गरम?

अलकापुरी_बार
काका, मोकासाठी एस्प्रेसोपेक्षा थोडं जाड दळण घ्या आणि ते दाबू नका. पाण्याबद्दल वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

मंजिरी, ग्राइंडर बिघडलेला दिसत नाही. तू कॉलर फिरवलीस तरी बर्सच्या मधे आणि तोंडाच्या नळीत आधीच्या सेटिंगची पूड बसलेली असते. मोठ्या ग्राइंडरमध्ये ती पाच-सहा ग्रॅम सहज असते. म्हणजे तुझ्या दुसऱ्या शॉटमध्ये जवळपास तिसरा हिस्सा जुनं जाड दळण होतं. तू जो २० चा आकडा वाचलास, तो नव्या सेटिंगचा नव्हताच. त्यावर विसंबून आणखी फिरवत गेलीस आणि खरं बारीक दळण पोचेपर्यंत पाच खुणा झाल्या. परत येतानाही तेच, ४१ मध्ये आधीची बारीक पूड आहे.

म्हणून कॉलर फिरवली की आधी थोडी कॉफी दळून फेकायची, निम्म्या डोसाएवढी तरी. मगच शॉट. आणि बारीककडे जाताना मोटर चालू ठेवून फिरव, नाहीतर बर्समध्ये अडकलेले दाणे दाबले जातात.

पण मला आणखी एक शंका आहे. दर वेळी बास्केटमध्ये किती ग्रॅम पडले ते मोजलंस का?

नाना, टॅम्प वाकडा असेल तर पाणी एका बाजूने पळतं, हे खरं. पण कॉफी एकदा पूर्ण दबली की त्यावर आणखी जोर लावून वेळेत फारसा फरक पडत नाही. १९ चे ४४ टॅम्पमुळे होत नाहीत. सपाट दाबणं महत्त्वाचं, पंधरा किलो नव्हे.

मंजिरी_रामबाग
फक्त पहिला डोस मोजला होता, १८. टायमर तोच असल्यामुळे पुढचेही तेवढेच, असं धरलं होतं. आता त्याच सेटिंग्जवर परत दळून काट्यावर ठेवलं. दोन खुणा बारीक केल्यावर १७.१ ग्रॅम, चार खुणांवर १६.४!

अलकापुरी_बार
तेच म्हणत होतो. बारीक दळायला ग्राइंडरला जास्त वेळ लागतो, त्यामुळे तेवढ्याच सेकंदांत कमी पूड पडते. पूड कमी म्हणजे थर पातळ, पाणी लवकर निसटतं. दळण बारीक करून जी वेळ तू वाढवत होतीस ती डोस कमी होऊन परत खाली येत होती. टायमरवाल्या ग्राइंडरचा हा हमखास सापळा आहे. म्हणून क्रम असा ठेव: कॉलर, मग फेकायची पूड, मग वजन. वजन १८ वर येईपर्यंत टायमर वाढव आणि तेव्हाच घड्याळाकडे बघ.

मंजिरी_रामबाग
केलं दादा! मूळ जागेपासून तीन खुणा बारीक, आठ-नऊ ग्रॅम फेकले, टायमर वाढवून डोस १८.१. कपात ३६ ग्रॅम, २८ सेकंद. मालक फेकलेल्या कॉफीकडे असे बघत होते की जणू मी पोह्यांवरची शेव सांडली. पण चव अजून शेवटी किंचित कडू लागते. २८ म्हणजे बरोबरच ना?

नाना_राजवाडा
२५ ते ३० मध्ये आहे म्हणजे पास. परीक्षेत चव कोण बघतंय?

बीन्स_आणि_बाकी
नाना, असं नाही हो. वेळ ही खूण आहे, ध्येय नव्हे. कॉफी जास्त भाजलेली असेल तर २८ सेकंदांतही कडवटपणा येतो, कारण तिच्यातून विरघळायचं ते पटकन विरघळतं. मी असते तर अर्धी खूण जाड करून २५ च्या जवळ आणलं असतं.

अलकापुरी_बार
मी दळण न हलवता कपात ३४ वर थांबलो असतो, कडवट भाग शेवटी येतो म्हणून. पण हे दुकानात. परीक्षेत यील्ड दिलेलं असेल तर ते मोडू नकोस, तिथे बीन्सताईंचाच मार्ग बरा.

बीन्स_आणि_बाकी
आता दुधाचं. फेस वर तरंगतो आणि दूध खाली राहतं, त्यामुळे ओतताना आधी दूध निसटतं. जग ठेवून दुसरं काही करत बसलीस तर आणखी फाटतं. स्टीम बंद केल्याबरोबर वाँड पुसून एकदा वाफ सोड, लगेच जग गोल फिरव आणि ओतण्याआधी अर्धं दूध दुसऱ्या जगमध्ये काढ. मग दोन्ही कपांना सारखा फेस मिळतो.

गोळा होतो त्याचं दुसरं कारण म्हणजे हवा उशिरा घेणं. वाँडचं टोक पृष्ठभागाशी ठेवून कागद फाटल्यासारखा जो चर्र आवाज येतो, तो जग हाताला कोमट लागायच्या आत संपला पाहिजे. त्यानंतर टोक थोडं आत आणि नुसतं भोवऱ्यासारखं फिरवायचं, ६० अंशांपर्यंत. दूध गरम झाल्यावर घेतलेली हवा मिसळत नाही, मोठे बुडबुडे राहतात. काट्याचा थर्मामीटर मागे रेंगाळतो, म्हणून ५६-५७ दिसलं की बंद कर. ७० च्या पुढे गेलं तर उकळल्याचा वास येतो.

इंदूरच्या मे महिन्यात तर दूध फ्रिजमधून शेवटच्या क्षणी काढ, चार-पाच अंशांचं. बाहेर ठेवलेलं कोमट दूध घेतलंस तर हवा घ्यायला वेळच उरत नाही.

मोकाप्रेमी_लष्कर
आमच्याकडे म्हशीचं दूध येतं. त्याचा फेस जास्त चांगला येईल ना? घट्ट असतं.

अलकापुरी_बार
फेस प्रथिनांमुळे टिकतो, साय त्याला गुळगुळीतपणा देते. म्हशीच्या दुधात दोन्ही भरपूर, पण सुट्या दुधाचा भरवसा नाही. फार घुसळलं गेलं, गार-गरम होत राहिलं, की त्यातली चरबी फुटायला लागते आणि फेस झटकन बसतो. तेच दूध सकाळी छान, संध्याकाळी रुसलेलं. मी पिशवीचं फुल क्रीम वापरतो.

बीन्स_आणि_बाकी
मला फुल क्रीम जड वाटतं, टोन्डमध्ये फेस हलका आणि ओतायला सोपा. मंजिरी, केंद्रावर कुठलं दूध देतात ते आधी विचार आणि त्याच पिशवीवर सराव कर.

मंजिरी_रामबाग
विचारते उद्याच. आणि जग दोन न्यायचे की तिथे असतात, तेही. अर्धी खूण जाड करून २५ सेकंदांचा शॉट आत्ता काढला, कडवटपणा कमी झाला पण कडेला थोडी आंबट झाक आहे. सर उद्या चाखतील, मग लिहिते.