दुकान हलवतोय, लोकांना वाटतंय बंद होतंय! कॅरोसेलमध्ये काय चुकलं?

अस्तरबटण: जरा घाईत आहे. सासऱ्यांचं अस्तर-बटणांचं दुकान, ४१ वर्षांचं. सोमवारी इन्स्टाग्रामवर सात स्लाइडचा कॅरोसेल टाकला. कमेंट्स बघा: "अरेरे", "आठवणी राहतील". एका काकूंनी तर फोन करून उरलेला माल कितीत काढताय विचारलं! सासरे माझ्याशी बोलत नाहीयेत. काय बदलू?

रेघोट्या: पहिल्या स्लाइडवर नेमकं काय आहे? पत्ता कितवा?

पक्का_पेठकर: पोस्ट उडवा. गूगल मॅपवरचं जुनं पान 'कायमचे बंद' करा, नव्या पत्त्याचं नवं काढा. आम्ही तेच केलं.

रेघोट्या: मुळीच नको. 'कायमचे बंद' वाचून उरलेलेही घाबरतील. त्याच पानावर पत्ता बदलता येतो, रिव्ह्यू तसेच राहतात. फार तर गूगल पुन्हा पडताळणी मागेल. पेठकर, नव्या पानावर रिव्ह्यू किती तुमचे?

पक्का_पेठकर: अकरा. आधी दोनशेवर होते. असो.

अस्तरबटण: पहिलीवर दुकानाचा जुना काळा-पांढरा फोटो आणि "४१ वर्षांच्या सोबतीबद्दल मनःपूर्वक आभार". पत्ता सातवा. मधे सासरे, गिऱ्हाइकं वगैरे.

चंदूशेठ: जीएसटीत पत्ता बदललात का? १५ दिवसांत अर्ज करावा लागतो. आधी ते बघा.

रेघोट्या: काळा-पांढरा फोटो आणि खाली आभार, म्हणजे श्रद्धांजलीच झाली की! सातव्या स्लाइडपर्यंत कोण जातं? पहिलीवर "दुकान चालूच, जागा फक्त नवी" आणि तारीख. दुसरीवर पत्ता. आभार तिसरीपासून, हवे तेवढे.
पत्त्याची स्लाइड लोक स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर ढकलतात, बाकीच्या मागेच राहतात. म्हणून दुकानाचं नाव, तारीख, वेळ तिच्यावरच हवी. शिवाय चित्रातला पत्ता सहज कॉपी होत नाही, तोच कॅप्शनमध्ये टाइप करा, अगदी सुरुवातीला. पुढचं दुमडलं जातं. टाकलेल्या पोस्टमध्ये नवी स्लाइड घालता येत नाही, कॅप्शन मात्र बदलता येतं. ते आत्ता बदला, नवी पोस्ट करून प्रोफाइलला पिन करा. जुनी राहू दे, लोकांनी मनापासून लिहिलंय त्यावर.

सुईदोरा: इन्स्टा कोण बघतं हो? आमचे शिंपी हलले तेव्हा शटरवर खडूने "समोरच्या गल्लीत" एवढंच लिहिलेलं. पावसात पुसलं. माझा ब्लाउज दोन महिने अडकला.

रेघोट्या: खडूऐवजी फ्लेक्स लावा, पण लावाच. तारीख काय?

अस्तरबटण: नक्की नाही, गवंडी सांगेल तेव्हा. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना मागच्या बोळातून.

रेघोट्या: हे आत्ता सांगताय? मग पत्त्याच्या स्लाइडवर नकाशा नको, बोळाच्या तोंडाचा फोटो टाका, जिन्याकडे बाण काढून. तारीख ठरल्याशिवाय नवी पोस्ट करू नका, नाहीतर लोक कुलूप बघून परत जातील.

अस्तरबटण: कॅप्शन बदललं. पण सासरे म्हणतात, पहिला फोटो त्यांचाच हवा. १९८४ चा आहे, त्यात केस आहेत त्यांना.

पक्का_पेठकर: मग तो राहू द्या.