अनुभव धागा: पंजाबी सहकाऱ्याला गुरमुखीत वैसाखीच्या शुभेच्छा, आणि त्याला काय उत्तर येतं

पिंपळपान: वैसाखी जवळ आली. पुण्यात आणि आता बाहेरगावी पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या टीममध्ये कोणीतरी पंजाबी असतंच, आणि आपण दरवर्षी तेच 'हॅपी बैसाखी' टाकून मोकळे होतो. कोणी त्यांच्या लिपीत लिहून पाठवलंय का? काय लिहिलं, कसं टाईप केलं, समोरून काय आलं, आणि त्यावर पुन्हा काही म्हणायचं असतं का, सगळं सांगा. मला माझ्या टीम लीडला पाठवायचंय, ती लुधियानाची आहे, वयाने मोठी आहे.

कीबोर्डकाका: मी चंदीगडला नोकरीला होतो त्यामुळे हे बऱ्याचदा केलंय. तिथे ऑफिसात सर्रास चालणारं वाक्य हे:

```
ਵਿਸਾਖੀ ਦੀਆਂ ਲੱਖ ਲੱਖ ਵਧਾਈਆਂ ਜੀ
```

वाचायचं 'विसाखी दीआं लख्ख लख्ख वधाईआं जी'. शेवटचा जी मोठ्यांसाठी ठेवाच, तुमच्या लीडला तर हवाच. मधला शब्द 'दीआं' आहे, 'दी' नाही, कारण वधाईआं अनेकवचनी आहे, आपण हिंदीच्या सवयीने 'विसाखी दी वधाईआं' लिहितो आणि समोरचा ओळखतो की बाहेरचा माणूस आहे, अर्थात रागावत कोणी नाही.

आता टाईप करताना. फोनच्या भाषांच्या यादीत पंजाबी (गुरमुखी) जोडा आणि अक्षरं हाताने दाबा, देवनागरीतून लिपी बदलून देणाऱ्या साईटवर जाऊ नका. तिथे आपण 'लक्ख' टाकतो आणि बाहेर `ਲਕ੍ਖ` येतं, क च्या पायाशी हलंत लटकलेला. गुरमुखीत असं जोडाक्षर करत नाहीत, द्वित्त दाखवायला डोक्यावर एक छोटी चंद्रकोर देतात, तिला अद्दक म्हणतात, ती ल वर बसते आणि पुढच्या ख ला जोर देते. म्हणजे आधी `ਲ`, मग `ੱ`, मग `ਖ`. देवनागरीत तसं चिन्हच नाही त्यामुळे यंत्राला ते सुचत नाही. पाठवायच्या आधी फक्त एवढं बघा, शब्दाच्या पायाशी हलंत दिसला तर काहीतरी बिघडलंय.

शेवंता_७७: काका मस्त. माझी भर, आपले डोळे फसतात. `ਸ` हा स आहे पण तो हुबेहूब आपल्या म सारखा दिसतो, आणि `ਧ` हा ध, पण आपण प वाचतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं विसाखीच्या जागी भलतंच काहीतरी आलंय म्हणून सगळं पुसून परत टाईप केलं आणि परत तेच आलं 😀 त्यांचे खरे म आणि प वरून उघडे असतात, `ਮ` आणि `ਪ`, शिरोरेघ पूर्ण नसते. तेवढं लक्षात ठेवलं की पाठवायच्या आधी स्वतःच तपासता येतं.

गडबडगुंडा: उत्तर सोप्पंय, ते वाहेगुरूजी का खालसा म्हणतात आणि आपण 'बोले सो निहाल' म्हणायचं. मी आमच्या ऑफिसात जोरात म्हणून दाखवलं होतं, सगळे हसले, मजा आली.

नांदेडकर: भाऊ, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या. 'बोले सो निहाल' हा जयकारा आहे, एकजण म्हणतो आणि बाकी सगळे 'सत श्री अकाल' म्हणून प्रतिसाद देतात, तो संगतीत, मिरवणुकीत, डेस्कवर नाही. आणि 'वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह' ही फतेह आहे, तिचं उत्तर म्हणून तेच्या तेच अख्खं वाक्य परत म्हणायचं. नुसतं 'सत श्री अकाल' आलं तर तेच परत. पण यातलं काहीच सणाच्या वधाईचं उत्तर नाही, ते साधंच असतं, 'तुहानूं वी'. आमच्या गल्लीतले शीख शेजारी तर माझ्याशी मराठीतच बोलतात, त्यांना मी गुरमुखीत पाठवलं तर म्हणाले आता हे कोणाकडून लिहून घेतलंस.

एक अजून. शीख कुटुंबात त्या दिवशी 'खालसा साजना दिवस' च्या वधाया पण देतात, १६९९ च्या वैसाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोबिंदसिंहांनी खालसा पंथ स्थापला म्हणून. पंजाबी हिंदू सहकाऱ्याला नुसतं विसाखी पुरतं.

कीबोर्डकाका: बरोबर. लेखी उत्तर असं येईल:

```
ਤੁਹਾਨੂੰ ਵੀ ਬਹੁਤ ਬਹੁਤ ਵਧਾਈਆਂ ਜੀ
```

घरच्यांची आठवण काढून 'तुहाडे परिवार नूं वी' असंही लिहितात. बरोबरीचा मित्र असेल तर 'तैनूं वी यार' एवढंच. 'खैर मुबारक' पण ऐकलंय मी. त्यावर आपण आणखी काही लिहायची गरज नाही, हात जोडलेला इमोजी टाकला की झालं. आणि तुम्हाला पहिलं त्यांच्याकडून आलं तर हेच वाक्य उचलून पाठवा.

दुबईतला_देशपांडे: माझी केस वेगळी. आमच्याकडे दोन पंजाबी, एक दिल्लीचा खन्ना टाईप आणि एक लाहोरचा. दोघांनाही गुरमुखी वाचता येत नाही!! दिल्लीवाल्याचं शिक्षण हिंदी-इंग्रजीत, घरी पंजाबी बोलतो पण वाचायला देवनागरी. लाहोरवाला पंजाबी लिहिलीच तर शाहमुखीत लिहितो, म्हणजे उर्दूसारखी उजवीकडून. दिल्लीवाला म्हणाला आईला फॉरवर्ड करतो, ती वाचेल. त्यामुळे आधी विचारा की वाचता येतं का, नाहीतर देवनागरीत 'विसाखी दीयां लख लख वधाइयां' हेच बरं.

पिंपळपान: अरे हे डोक्यातच नव्हतं. लुधियानाच्या शाळेत शिकलेली आहे म्हणजे येत असणार. आणि फोनवर बोलताना 'वधाईआं' मधला ध नीट म्हणायचा ना?

शेवंता_७७: त्यांच्या तोंडून तो ध ऐकूच येत नाही गं, 'वदाइयां' सारखं येतं आणि आवाज जरा खाली जाऊन वर चढतो. पण ऐकलं तसं लिहू नकोस, लिहिताना ध च.

रानमेवा: लोहरीला पण हेच वाक्य चालेल का? मी जानेवारीत विचारायला हवं होतं. आमचा एक सप्लायर अमृतसरचा आहे, त्याने मला वर्ड फाईलमध्ये काहीतरी पाठवलं होतं, माझ्याकडे उघडल्यावर नुसतं `ivswKI` असं इंग्रजी दिसलं, व्हायरस समजून डिलीट केलं.

कीबोर्डकाका: व्हायरस नव्हता हो, ती विसाखीच होती! जुन्या पंजाबी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी गुरमुखी चित्रं बसवलेली असतात, आपल्या जुन्या मराठी डीटीपी फाईलींचं जे होतं तेच. फॉन्ट नसला की असं दिसतं. आणि हो, पहिला शब्द बदलून `ਲੋਹੜੀ` टाका, बाकी वाक्य तेच.

नांदेडकर: पिंपळपान, तारीख बघून पाठवा, कधी १३ एप्रिल असते कधी १४. १४ ला आपल्याकडे आंबेडकर जयंतीची सुट्टी, ऑफिसात भेट व्हायची नाही, मेसेजच करावा लागेल. सकाळी लवकर पाठवू नका, बरेच जण गुरुद्वाऱ्यात असतात.

दुबईतला_देशपांडे: एक शंका राहिलीच. मी काही कार्डांवर `ਵੈਸਾਖੀ` पण बघितलंय. मग वि की वै?

कीबोर्डकाका: दोन्ही दिसतात, चंदीगडच्या ऑफिसातच यावरून दोघांचं वाजलं होतं आणि दोघेही पंजाबीच होते. मी वि लिहितो.

शेवंता_७७: मी वै. लीडने काय उत्तर दिलं ते इथे टाक गं पिंपळपान.